पेपर माझाच, तरी व्हायव्हा: तयारीचे नऊ दिवस

मेल चार ओळींची होती. तुमच्या पेपरमधला 62 टक्के मजकूर एआयने लिहिलेला असावा असं तपासणीच्या सॉफ्टवेअरने दाखवलंय, नऊ दिवसांनी व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा होईल, लेखनाचे पुरावे सोबत आणा. पेपर मीच लिहिला होता. तरीही मेल वाचल्यावर आधी लाज वाटली. राग नंतर आला, आणि त्या रागात मी पहिले दोन दिवस घालवले.

त्या दोन दिवसांत मी सॉफ्टवेअरच्या विरोधात सहा पानं टिपणं काढली. 62 टक्के म्हणजे 62 टक्के खात्री नव्हे, तर मजकुराचा तेवढा हिस्सा त्याला संशयास्पद वाटला. ही सॉफ्टवेअर्स इतर गोष्टींबरोबर पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो तेही बघतात, आणि माझ्या पेपरात सॉफ्टवेअरने रंगवलेला भाग बराचसा अभ्यासपद्धतीचा होता, जिथे सगळेच तीच ठरावीक वाक्यं लिहितात. ओपनएआयने स्वतःचं असं साधन जानेवारी 2023 मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत बंद केलं, हेही त्यात होतं. सगळं खरं होतं. माझ्या एका सीनिअरने ती पानं चाळली आणि विचारलं, “तुला सॉफ्टवेअरवर खटला भरायचाय, की पेपर तुझा आहे हे दाखवायचंय?”

मग तिने माझी प्रत हातात घेतली आणि पहिलाच प्रश्न टाकला, “412 पैकी 37 जणांची उत्तरं वगळलीस. का?”

पेपर होता रात्रपाळी आणि झोप यांवरच्या सर्वेक्षणाचा. मी म्हणालो, “अपूर्ण उत्तरं विश्लेषणातून वगळण्यात आली.”

“हे वाक्य मी वाचलंय. का वगळली?”

मला सांगता येईना. लिहून चार महिने झाले होते. दोन दिवस मी मजकूर परत परत वाचत होतो, त्यामुळे वाक्यं पाठ झाली होती, पण त्यांच्यामागची कारणं विसरलो होतो. खरंच दुसऱ्याकडून लिहून घेतलं असतं, तरी माझं उत्तर असंच आलं असतं.

तिसऱ्या दिवशी पुरावे शोधायला बसलो आणि पोटात गोळाच आला. शेवटची वर्ड फाईल दिलेल्या साच्यात मजकूर चिकटवून मी बनवली होती. तिच्या माहितीत Total Editing Time पुढे होतं 94 मिनिटं. नऊ हजार शब्दांचा पेपर दीड तासात! कुणीही बघितलं तर निष्कर्ष उघड होता. खरं लिखाण गूगल डॉक्समध्ये झालं होतं, आणि सुदैवाने ती फाईल मी काढून टाकली नव्हती. Version history उघडली तर सात आठवड्यांच्या नोंदी होत्या. (साच्यात चिकटवल्यावर जुना मसुदा काढून टाकायची मला सवय होती. आता नाही.)

ती पूर्ण संध्याकाळ मी स्वतःचाच पेपर तारखेप्रमाणे वाचला. आणि तिथे ते 37 जण सापडले. त्यांनी उत्पन्नाचा रकाना रिकामा सोडला होता, आणि त्यातले 29 रात्रपाळीचे होते. मी आधी त्या जागी सरासरी उत्पन्न भरलं होतं. मग लक्षात आलं की रात्रपाळीवाल्यांचं उत्पन्न एरवी कमी दिसत होतं, त्यामुळे सरासरी भरली की तेच फुगणार. वगळलं तर मला ज्यांचा अभ्यास करायचा तेच कमी होणार. समासात मार्गदर्शक सरांची टिप्पणी होती: “दोन्ही करून बघ.” मी केलं होतं. रात्रपाळी आणि झोपेची तक्रार यांचा संबंध सांगणारा आकडा, ऑड्स रेशो, सरासरी भरून 2.1 आला, वगळून 2.0. फारसा फरक नाही म्हणून वगळलं, आणि हे सगळं सांगणारा परिच्छेद शब्दमर्यादेसाठी खोडून टाकला.

तो खोडलेला परिच्छेद मी छापून घेतला. पेपर माझा असल्याचं त्यात जितकं दिसत होतं, तितकं अंतिम प्रतीत कुठेच दिसत नव्हतं. मग तयारीची पद्धतच बदलली. प्रत्येक भागासाठी एवढंच लिहायचं: इथे आणखी काय करून पाहिलं, ते का सोडलं, कोणत्या तारखेच्या मसुद्यात दिसतं. दोन पानं झाली.

त्याच इतिहासात एक नकोशी गोष्टही होती. प्रस्तावनेतले दोन परिच्छेद एका मिनिटात संपूर्ण बदललेले दिसत होते. आठवलं: व्याकरण तपासणाऱ्या साधनातलं वाक्य नव्याने लिहून देणारं बटण मी तिथे दाबलं होतं. नियमांत शुद्धलेखन आणि व्याकरणासाठी साधन चालत होतं, पुनर्लेखनासाठी नाही. मी ते व्याकरणात धरलं होतं, सोयीस्करपणे. परीक्षकांनी शोधून काढण्याआधी आपणच सांगायचं ठरवलं.

सहाव्या दिवशी सीनिअरने पुन्हा बसवलं. या वेळी कागद न बघता, आकडे बदलून विचारलं. “तू लिहिलंयस की रात्रपाळीत झोपेच्या तक्रारीची शक्यता दुप्पट होते. दिवसपाळीत 100 पैकी 40 जणांची तक्रार असेल, तर रात्रपाळीत किती?” मी पटकन म्हणालो 80, आणि म्हणता म्हणताच थांबलो. 40 विरुद्ध 60 हे ऑड्स. ते दुप्पट म्हणजे 80 विरुद्ध 60, म्हणजे 4 ला 3. सातात चार, साधारण 57 टक्के. दुप्पट झाले होते ते ऑड्स, शक्यता नाही. माझ्या पेपरमधलं सगळ्यात ठळक वाक्य चुकीचं होतं, आणि जमा केलेली प्रत बदलता येणार नव्हती.

व्हायव्हा चाळीस मिनिटं चालला. परीक्षक मॅडमनी पेपर मिटायला सांगितला. मी आधी त्या दोन परिच्छेदांचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मग त्यांनी विचारलं, सगळ्यात जास्त वेळ कुठे गेला? मी 37 जणांची गोष्ट सांगितली आणि खोडलेला परिच्छेद पुढे ठेवला. “हा पेपरमध्ये का नाही?” शब्दमर्यादा, म्हणालो. त्यांनी प्रस्तावनेतला एक भारदस्त शब्द वाचून अर्थ विचारला. तो त्या पुनर्लिखित परिच्छेदातलाच होता. अर्थ सांगितला, पण मी हा शब्द स्वतः वापरला नसता हेही सांगितलं. आणि 94 मिनिटांचं काय, हा प्रश्न आलाच. साचा आणि मूळ फाईल दोन्ही लॅपटॉपवर उघडून दाखवली. त्यांनी स्वतः मधल्या तीन तारखा निवडल्या आणि त्या दिवशी काय बदललं ते मला विचारलं. एक तारीख मला आठवली नाही. “नाही आठवत” म्हणालो, उघडून बघितलं तर फक्त तक्ता हलवला होता.

शेवटी त्यांनी बोट ठेवलं ते ‘दुप्पट’वरच. मी फळ्यावर 40 आणि 60 लिहिले, 57 काढून दाखवले आणि म्हटलं, पेपरमधलं वाक्य चूक आहे.

“हे कधी कळलं?”

“तीन दिवसांपूर्वी. तयारी करताना.”

त्या पहिल्यांदा हसल्या. निकाल आठवड्याने आला: पेपर माझाच असल्याचं मान्य, पण साधनाच्या वापराची नोंद जोडायची, ते दोन परिच्छेद स्वतःच्या शब्दांत लिहायचे, आणि ‘दुप्पट’ दुरुस्त करायचं. तिन्ही गोष्टी केल्या. खोडलेला परिच्छेदही परत घातला. शब्दमर्यादा 110 शब्दांनी ओलांडली गेली, पण त्यावर कुणी काही बोललं नाही.