१८ मिनिटांचा फरक: प्रसूतिकक्षातल्या नोंदींची वेळरेषा लावताना

स्त्रीरोग विभागात मी दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर असताना युनिटच्या मॅडमनी एक केसपेपर माझ्या हातात दिला. पहिलटकरीण, ३९ आठवडे, आधी कसलाही धोका नाही. रात्री कळा सुरू झाल्या, पहाटे तातडीचं सिझेरियन झालं. बाळ लगेच रडलं नाही, पिशवी आणि मास्कने श्वास द्यावा लागला. नवजात कक्षात सहा दिवस राहून ते दूध ओढायला लागलं आणि घरी गेलं. महिन्याच्या बैठकीत ही केस मांडायची होती. मॅडम म्हणाल्या, "गोष्ट नको सांगूस. कधी काय झालं तेवढं लाव."

एका संध्याकाळचं काम असेल असं वाटलं होतं. चार दिवस लागले.

आधी सगळे कागद जमवले: केसपेपर, सिस्टरच्या नोंदी, प्रसूती कशी पुढे सरकते ते दाखवणारा आलेख म्हणजे पार्टोग्राफ, कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या ड्रिपचा तक्ता, बाळाच्या ठोक्यांची सीटीजी पट्टी, प्रसूती नोंदवही, भूलतज्ज्ञांचा कागद आणि नवजात कक्षातला पहिला पेपर. मग आईचं नाव झाकून प्रत्येक नोंदीची एक ओळ केली. ओळीत वेळ, ती कुठल्या कागदावरची, काय दिसलं आणि काय केलं. 'काय दिसलं' आणि 'काय केलं' हे रकाने मी मुद्दाम वेगळे ठेवले, कारण आमच्या नोंदींत दोन्ही एकाच वाक्यात येतं आणि मग आधी ठोके कमी झाले की आधी ड्रिप कमी केली, हे कळत नाही.

सुरुवात सरळ होती. रात्री १ वाजता गर्भपिशवीचं तोंड ५ सेंमी उघडलेलं, दहा मिनिटांत ३ कळा, ठोके १४२. पहाटे ३ वाजता ६ सेंमी, ठोके १३८. त्याच वेळी पाणमोट फोडली, पाणी स्वच्छ. लगोलग ५०० मिली आरएलमध्ये ५ युनिट ऑक्सिटोसिन घालून मिनिटाला ८ थेंबांनी ड्रिप सुरू. साडेतीनला १६ थेंब, चारला २४. आमच्या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली, त्यामुळे २४ थेंब म्हणजे मिनिटाला १२ मिलियुनिट. हा हिशोब मी ओळीतच लिहिला, कारण सेट कुठला होता ते माहीत नसेल तर नुसत्या थेंबांवरून औषध किती गेलं ते कळत नाही.

गाठ पडली ती इथे. सीटीजीच्या पट्टीवर ठोके १४० वरून ९० पर्यंत उतरलेले दिसत होते आणि छापलेली वेळ होती ३:५८. तक्त्यात ड्रिप वाढवली ४:०० ला. म्हणजे ठोके आधी उतरले, ड्रिप नंतर वाढली. त्या रात्री ड्यूटीवर असलेले सगळे हेच सांगत होते: अचानक झालं, ड्रिपचा संबंध नाही. त्यात कुणी खोटं बोलत नव्हतं, कागदच तसं सांगत होता.

पट्टी पुन्हा पाहताना कडेला सिस्टरच्या अक्षरातली एक ओळ दिसली: "४:२५ डॉक्टरांना कळवलं." तिच्या शेजारी यंत्राने छापलेली वेळ होती ४:०७. फरक १८ मिनिटांचा. हाताने लिहिलेली वेळ कधीकधी ढोबळ असते, म्हणून एवढ्यावर विसंबले नाही. प्रसूतिकक्षात जाऊन तेच यंत्र सुरू केलं आणि भिंतीवरच्या घड्याळाशी लावून पाहिलं. ते अजूनही १८ मिनिटं मागे होतं. सिस्टर आणि ड्रिपचा तक्ता दोघंही भिंतीवरचं घड्याळ वापरतात, म्हणून पट्टीवरच्या प्रत्येक वेळेत १८ मिनिटं मिळवली. छापील वेळ पुसली नाही, शेजारी दुरुस्त वेळ लिहिली.

आता क्रम उलटला. ४:०० ला २४ थेंब. पट्टी सुरू होते ४:०४ ला. पुढच्या दहा-दहा मिनिटांच्या तीन खिडक्यांत ६, ६ आणि ५ कळा. अर्ध्या तासाची सरासरी दहा मिनिटांत ५ पेक्षा जास्त म्हणजे कळा फार जवळजवळ येत होत्या, दोन कळांमध्ये बाळाला सावरायला वेळ उरत नव्हता. ठोके पहिल्यांदा उतरले ते ४:१६ ला.

पार्टोग्राफने वेगळंच अडवलं. त्यावर ठोक्यांचे ठिपके दर अर्ध्या तासाला नेमके होते: १४०, १४०, १४४. सगळे एकाच पेनचे, एकाच दाबाचे. सिस्टरच्या नोंदीत मात्र साडेतीनला फक्त "एफएचएस प्लस", म्हणजे बाळाचे ठोके ऐकू आले एवढंच, आकडा नाही. सिस्टरना विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, त्या रात्री माझ्याकडे आणखी दोघी जोर करत होत्या. ठोके मी ऐकले होते, पण आलेख सकाळी भरला." त्यांनी खरं सांगितलं याबद्दल मला आजही त्यांचा आदर वाटतो. ते ठिपके मी काढले नाहीत, पण त्यांच्यापुढे 'नंतर भरलेले' असं लिहिलं आणि साडेतीनच्या ओळीत "एफएचएस प्लस" जसंच्या तसं ठेवलं. त्याचं १४० करायचा मोह झाला होता. केलं असतं तर ३ पासून ४:०४ पर्यंत ठोक्यांचा एकही खात्रीचा आकडा आपल्याकडे नाही, हेच झाकलं गेलं असतं.

असंच तपासणीचं. ३ वाजता ६ सेंमी आणि ४:३० ला दुसऱ्या डॉक्टरांच्या हाताला ५. उघडलेलं तोंड मागे जात नाही. पण दोन हातांत एक सेंमीचा फरक पडू शकतो. दोन्ही आकडे ठेवले आणि तपासणारा वेगळा आहे हे नोंदवलं. आलेखावर मात्र ५ चा आकडाच नव्हता, तिथे रेघ सरळ वर चढत गेली होती.

वेळरेषा पूर्ण झाल्यावर मॅडमनी बोट ठेवलं ते १ ते ३ या दोन तासांवर. आमचा पार्टोग्राफ जुना, तासाला १ सेंमीच्या इशारा रेषेचा. त्या हिशोबाने ५ वरून ६ व्हायला दोन तास म्हणजे उशीर, म्हणून ड्रिप लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या लेबर केअर गाइडमध्ये ही रेषाच नाही. ५ सेंमीवर ६ तास उलटले तर तो इशारा मानतात. त्या मोजमापाने ३ वाजता घाई करण्यासारखं काही नव्हतं.

बाकीचं चटकन लागलं. सिझेरियनचा निर्णय ४:४०, टेबलवर ४:५५, जन्म ५:२१. नवजात कक्षाच्या कागदावर जन्म ५:२५ आहे, तोही शेजारी ठेवला.

एक ओळ शेवटपर्यंत भरली नाही. सिस्टरच्या नोंदीत ४:२५ ला "ड्रिप स्लो". डॉक्टरांची ५:४० ला लिहिलेली नोंद म्हणते, "ऑक्सिटोसिन ताबडतोब बंद केलं." ड्रिपच्या तक्त्यात बंद केल्याची नोंद नाही. म्हणून मी लिहिलं: 'ड्रिप बंद: वेळ नोंदलेली नाही.' बैठकीत सगळ्यात जास्त वेळ याच ओळीवर गेला. त्याच दुपारी यंत्राचं घड्याळ लावलं, आणि पुढच्या छपाईपासून ड्रिपच्या तक्त्यात 'बंद केल्याची वेळ' असा वेगळा रकाना आला.