ओसाकातल्या हॉटेलच्या दारामागचा तो नकाशा

ओसाकाला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झालेले, मी आणि काकू (आईची पुण्यातली शेजारीण, पहिल्यांदाच जपानला) सातव्या मजल्यावर पण एकमेकींपासून लांबच्या खोल्यांत. दहा मिनिटांत काकूंचा फोटो आला व्हॉट्सअॅपवर, दारामागे लावलेला कागद, खाली मेसेज, "अगं हे काय लिहिलंय, वाचून सांग ना, त्याशिवाय मला झोप नाही लागायची."

फोटोत फ्लॅशचा पांढरा डाग बरोब्बर लाल खुणेवर पडलेला. ती खूण म्हणजे 'गेन्झाइची', आत्ता तुम्ही आहात ती जागा, ती दिसल्याशिवाय बाकी नकाशाचा काही उपयोग नाही, म्हणून फ्लॅश बंद करून बाजूने परत काढायला लावला. मग दिसलं की काकूंची खोली कॉरिडॉरच्या मधोमध आहे आणि 'हिजोगुची', म्हणजे संकटात बाहेर पडायची दारं, दोन्ही टोकांना जिन्यांपाशी आहेत.

भाषांतर करताना मी 'आपत्कालीन निर्गमन मार्ग' वगैरे काही लिहिलं नाही, घाबरलेल्या माणसाला ते वाचता येत नाही. एवढंच पाठवलं: दाराबाहेर पडून उजवीकडे, सहावं दार जिन्याचं. तिकडे धूर असेल तर उलटं वळा, डावीकडे आठवं. लिफ्ट नाही. ओला टॉवेल नाकातोंडावर, वाकून चाला, एक हात भिंतीला. खोलीचं दार ओढून घ्या आणि चावी बरोबर ठेवा, कारण दोन्हीकडे धूर असेल तर खोलीतच परत यावं लागेल. फायर ब्रिगेडचा नंबर 119. दारं मोजायला सांगितली कारण धुरात पाट्या दिसत नाहीत, हात मात्र भिंतीवरून दारं मोजू शकतो.

मग त्यांनी विचारलं, "खिडकीवर लाल उलटा त्रिकोण आहे, तिथून बाहेर पडायचं का?" इथे मी मेसेज न करता सरळ फोनच केला, कारण ही चूक जिवावर बेतू शकते. तो त्रिकोण आपल्यासाठी नाहीच, फायर ब्रिगेडवाल्यांना बाहेरून आत शिरायची ती खिडकी असते, जपानात बऱ्याच बिल्डिंगांवर तिसऱ्या मजल्यापासून वर दिसते. आपल्यासाठी धावणारा हिरवा माणूस, आणि त्यातही फरक आहे, पाटी सगळी हिरवी असेल तर दार तिथेच, पांढऱ्यावर हिरवं असेल तर ती फक्त दिशा दाखवते, बाणाकडे चालत राहायचं.

काकू म्हणाल्या, थांब, जाऊन बघते. कॉरिडॉरमध्ये चपलांचा आवाज, फोनवर एक, दोन, तीन मोजणं, मग जरा शांतता.

"सहावंच आहे गं. जड आहे दार, पण ढकललं की उघडतंय."

म्हटलं, आता डावीकडचं.