चुकाऱ्याच्या पावतीवरची रक्कम: आकडी वेगळी, अक्षरी वेगळी

कापूस-सोयाबीनच्या हंगामात आमच्या शेतकरी गटाच्या चुकाऱ्याच्या नोंदी मी करते. पावती किंवा चेक शेतकऱ्याच्या घरीच असतो, माझ्याकडे येतो तो मोबाइलवर काढलेला फोटो. त्यावरची रक्कम मी दोन रकान्यांत उतरवते, ‘आकडी’ आणि ‘अक्षरी’. एका रकान्यावरून दुसरा भरायचा नाही, हे मी कटाक्षाने पाळते. रक्कम दोनदा लिहायची पद्धत पडली ती एक चुकली तर दुसरीने सांगावं म्हणून. अक्षरं न वाचता आकड्यावरूनच अक्षरी रक्कम भरली, तर ती साक्ष माझ्याच हाताने पुसली जाते.

फोटोत कागदाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत. व्हॉट्सॲपवर तो साधा पाठवला तर बारीक होतो आणि कार्बन प्रतीची फिकी शाई पार विरून जाते, म्हणून ‘डॉक्युमेंट’ करून पाठवायला सांगते. घडी नेमकी आकड्यावर आली असेल तर कागद सपाट करून पुन्हा काढायला लावते.

वाचताना आधी अक्षरी. आकड्यांची चौकट बोटाने झाकून घेते, कारण आकडा एकदा डोळ्यात बसला की अक्षरांतही तोच दिसायला लागतो. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत हमखास गल्लत होते, घाईत लिहिलेला शब्द असला तर जास्तच. ‘साडेबारा हजार फक्त’ असं लिहिलं असेल तर तसंच उतरवते, त्याचं ‘बारा हजार पाचशे’ करत नाही. ‘चाळिस’ लिहिलं तर ‘चाळिस’.

आकड्यांचा घोळ वेगळा. आपल्याकडच्या पावत्यांवर मराठी आणि इंग्रजी आकडे एकाच कागदावर सापडतात. मराठी ५ चटकन इंग्रजी 4 सारखा दिसतो, मराठी ४ इंग्रजी 8 सारखा, आणि मराठी १ तर इंग्रजी 9 च वाटतो. म्हणून तारीख, वजन आणि भाव यांतले आकडे आधी पाहते, लिहिणाऱ्याचं वळण तिथे कळतं. मग ज्या लिपीत आकडा आहे त्याच लिपीत उतरवते. स्वल्पविराम, शेवटची ‘/-’ ही खूण, सगळं जसंच्या तसं. वाचताच येत नसेल त्या जागी [अवाचनीय], गिरवलेलं असेल तिथे [खाडाखोड].

एक नमुना सांगते. कापसाच्या पावतीवर आकडी रक्कम होती 69,350/- आणि अक्षरी ‘एकोणसाठ हजार तीनशे पन्नास मात्र’. वजन ८ क्विंटल ५० किलो, भाव ७,००० रुपये, म्हणजे ५९,५०० झाले. हमाली-तोलाईचे १५० वजा केले की ५९,३५०. हिशेब अक्षरांशी जुळतो, म्हणजे आकडा लिहिताना 5 चा 6 झाला असावा. तरीही आकडी रकान्यात मी 69,350/- च लिहिलं, अक्षरीत ‘एकोणसाठ हजार तीनशे पन्नास मात्र’, आणि शेऱ्यात ‘दोन्हींत फरक, वजन-भावाचा हिशेब ५९,३५०’. दुरुस्ती करायचा हक्क पावती देणाऱ्याचा. मी आकडा सुधारला असता तर खरेदीदाराच्या वहीत 69,350 चढलंय की 59,350, हे विचारायचं कुणाला सुचलंच नसतं.

चेकच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ प्रमाणे आकडी आणि अक्षरी रकमेत फरक असेल तर अक्षरी रक्कम धरायची. पण बँक बहुधा असा चेक ‘रक्कम जुळत नाही’ म्हणून परत करते. रकमेत खाडाखोड करून शेजारी सही केली तरी क्लिअरिंगमध्ये चालत नाही, नवा चेकच घ्यावा लागतो. चेकची मुदत तारखेपासून तीन महिने, त्यामुळे फरक दिसला की त्याच दिवशी शेतकऱ्याला फोन करते. साध्या पावतीला हे कलम लागू नाही. तिथे नुसत्या अक्षरांवर विसंबता येत नाही, काटापट्टी मागवावीच लागते.

शीटमध्ये उतरवताना आणखी एक अडचण येते. इंग्रजी आकड्यांत 1,18,437 टाकलं की एक्सेल त्याला संख्या समजून स्वल्पविराम आपल्या मनाने बदलतं किंवा काढून टाकतं. म्हणून आधी एकेरी अवतरणचिन्ह देते:

```
'1,18,437
```

गूगल शीट्समध्ये तो रकाना आधीच Plain text करून ठेवते. बेरीज करायची असेल तर त्यासाठी तिसरा रकाना, आणि शेऱ्यात फरक असेल त्या ओळीत तो रिकामाच. खरेदीदाराने सुधारून पावती दिली की तिची नवी ओळ करते. जुनी ओळ खोडत नाही, तिच्या शेऱ्यात फक्त नव्या पावतीचा क्रमांक लिहिते.