शालोम: येताना, जाताना आणि मधल्या वेळेत

जेरुसलेमच्या महाने येहुदा बाजारात शुक्रवारी दुपारी गेले होते, शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू व्हायच्या आधीची गर्दी, सगळ्यांना घरी पळायची घाई. हलव्याच्या दुकानात शिरताना हिब्रूत ‘शालोम’, पिशवी घेऊन निघताना ‘शब्बाथ शालोम’, आणि मधे तो दुकानदार कोपऱ्यातल्या काउंटरकडे बोट दाखवून काहीतरी ‘लेशालेम’ म्हणाला. मला वाटलं हाही शालोमच, म्हणून मीही हसून शालोम म्हटलं. तर लेशालेम म्हणजे पैसे देणं!

नंतर कळलं की माझे कान अगदीच चुकले नव्हते. दोन्ही शब्द शीन, लामेद, मेम या तीन अक्षरांच्या एकाच धातूतून आलेत. ‘शालेम’ म्हणजे अख्खं, पूर्ण. देणं चुकतं केलं की हिशोब पूर्ण होतो, म्हणून लेशालेम. आणि शालोम म्हणजे माणसाचं सगळं जागच्या जागी, धडधाकट असणं. आपण ‘शांती’ म्हणतो ती त्यातली एक बाजू. तिथे ‘कशी आहेस’ विचारतात तेही ‘मा श्लोमेख’, म्हणजे शब्दशः तुझं शालोम काय म्हणतंय, आपल्या जुन्या पत्रांतल्या क्षेमकुशलासारखं. बायबलमधे तर दावीद राजा उरियाला युद्धाचंही शालोम विचारतो (शमुवेलचं दुसरं पुस्तक, अध्याय 11). युद्धाची शांती कशी विचारणार? पण युद्धाचं कसं काय चाललंय, हे विचारता येतं. हे वाचल्यावर मला तो शब्द खरा उलगडला. भेटताना तुझं सगळं नीट असो, निघताना तसंच राहो, एवढंच त्यात आहे, म्हणून तो दोन्हीकडे चालतो.

अर्थात तरुण पोरं निरोप घेताना सर्रास ‘याल्ला बाय’ नाहीतर ‘लेहित्राओत’ म्हणतात, म्हणजे पुन्हा भेटू. शालोम जास्त करून अनोळखी माणसाशी, नाहीतर जरा अदबीनं.

रविवारी बेरशेवामार्गे दिमोनाला गेले, तिकडे वाळवंटात आपले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू लोक, बरेच आहेत. एका आजींकडे जेवले, मूळच्या अलिबागकडच्या, मराठी अजून तश्शीच. निघताना मी म्हटलं, “आजी, जाते.”

“जाते काय म्हणतेस, येते म्हण!” आणि मग हात धरून म्हणाल्या, “लेखी लेशालोम.”

त्यांनीच समजावलं. जिवंत माणसाला ‘लेशालोम’ म्हणायचं, शालोमकडे जा, कारण त्याची वाट अजून बाकी आहे. ‘बेशालोम’, शालोममधे जा, हे मेलेल्याला म्हणायचं. तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या बेराखोत भागात हा फरक सांगितलाय, एका अक्षराचा.

मी म्हटलं, “येते आजी.”

“हां, आता कसं!” म्हणाल्या, आणि बस येईपर्यंत उन्हात उभ्या राहिल्या.