२८ फेब्रुवारी आणि १ मार्च यांच्यामधले तीन दिवस

समवर्ती लेखापरीक्षकांनी आमच्या ट्रेझरीच्या फाइलवर लाल शाईत लिहिलं होतं : ‘विक्रेत्याला ₹२१,२३२.८८ जादा व्याज दिले. वसूल करावे.’ मी एका नागरी सहकारी बँकेच्या बॅक ऑफिसला आहे. रोख्यांचे सौदे जुळवायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे खुलासाही मलाच द्यायचा होता.

सौदा साधा होता. पाच कोटी दर्शनी किमतीचा, ७.२० टक्क्यांचा केंद्र सरकारचा रोखा आम्ही घेतला होता. त्याचं व्याज दर २० फेब्रुवारी आणि २० ऑगस्टला मिळतं. सौद्याची सेटलमेंट १ मार्चला झाली. २० फेब्रुवारीपासून सेटलमेंटपर्यंतचं व्याज जुन्या धारकाच्या हक्काचं असतं. किमतीशिवाय ते वेगळं द्यावं लागतं. यालाच आम्ही ब्रोकन पीरियड इंटरेस्ट म्हणतो.

लेखापरीक्षकांनी कॅलेंडरवर दिवस मोजले, ते नऊ आले. वर्षाचं व्याज ३६ लाख, त्याला ३६५ ने भागून नऊने गुणलं की ₹८८,७६७.१२ होतात. आम्ही मात्र ₹१,१०,००० दिले होते.

“मॅडम, नऊ दिवसांचे अकरा दिवस कुठून आले?” त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. आमच्या ठेवींचं व्याज ३६५ वर चालतं आणि ट्रेझरी बिलांचा परतावाही. त्याच फाइलमध्ये ९१ दिवसांच्या बिलाचा सौदा होता, त्यात हाच हिशोब बरोबर बसला होता.

पण केंद्र आणि राज्य सरकारांच्या मुदतीच्या रोख्यांना ३०/३६० ची पद्धत लागते. प्रत्येक महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचं. या मोजणीत फेब्रुवारीलाही २९ आणि ३० तारीख असते. २० फेब्रुवारी ते १ मार्च म्हणजे फेब्रुवारीचे दहा आणि वर एक, असे अकरा दिवस. दिवसाचे दहा हजार.

“म्हणजे २८ ला सेटल झालं असतं तर?” लेखापरीक्षक साहेबांनी विचारलं.

“आठ दिवस, ऐंशी हजार. एका रात्रीत तीस हजारांचा फरक.”

ते गप्प झाले, पण पटलेलं दिसत नव्हतं. नुसता नियम दाखवून भागणार नाही हे माझ्या लक्षात आलं. मग मी त्यांचीच पद्धत सहा महिन्यांना लावून दाखवली. २० फेब्रुवारी ते २० ऑगस्ट प्रत्यक्ष दिवस १८१. ३६५ वर त्यांचं व्याज ₹१७,८५,२०५.४८ होतं. सरकार मात्र २० ऑगस्टला नेमके १८ लाख देतं आणि पुढच्या १८४ दिवसांच्या सहामाहीलाही १८ लाखच. दोन्ही हप्ते सारखे असतील तर दोन्ही सहामाह्याही सारख्याच धरायला हव्यात, १८० दिवसांच्या. ऑगस्टला आमच्याकडे १८ लाख येतील. त्यातून दिलेले १,१०,००० वजा करा, उरतात १६,९०,०००. १ मार्चपासून ३०/३६० ने दिवस मोजले तर १६९ भरतात. हिशोब पैशापर्यंत जुळतो.

साहेबांनी ही आकडेमोड स्वतः पुन्हा करून पाहिली आणि शेरा मागे घेतला. हे मला मनापासून आवडलं. कुणी नुसत्या शब्दावर शेरा मागे घ्यावा असं मला वाटत नाही.

त्यांचा पुढचा प्रश्न त्याहून मोलाचा निघाला : “मग ३१ मार्चला तुम्ही किती दिवस धरता?” वर्षअखेरीस येणं असलेलं व्याज आमच्या जुन्या एक्सेल शीटमधून काढलं जायचं. आम्ही लगेच दोन्ही सूत्रं शेजारी शेजारी चालवली :

```
=DAYS360(DATE(2023,2,20),DATE(2023,3,31))
=DAYS360(DATE(2023,2,20),DATE(2023,3,31),TRUE)
```

पहिल्याचं उत्तर ४१, दुसऱ्याचं ४०. पहिली अमेरिकी रीत. सुरुवातीची तारीख ३० च्या आधीची असेल तर ती ३१ मार्चला १ एप्रिल समजते. दुसरी युरोपीय. ती ३१ ला ३० मानते, आणि आपल्या सरकारी रोख्यांना तीच लागते. शीटमध्ये `TRUE` नव्हतं. या एका रोख्यावर दहा हजारांचं उत्पन्न जास्त दिसलं असतं. मार्चचा ताळेबंद व्हायला अजून वेळ होता, म्हणून दुरुस्ती वेळेत झाली.

त्याच दुपारी आम्ही शीटला ‘दिवसमोजणी’ नावाचा रकाना जोडला. सरकारी रोख्यांपुढे ३०/३६०, ट्रेझरी बिलांपुढे प्रत्यक्ष/३६५. कंपन्यांच्या रोख्यांना सेबीच्या नियमाने प्रत्यक्ष/प्रत्यक्ष लागतं, म्हणून तिथे सूत्रच वेगळं ठेवलं. रकाना रिकामा असेल तर शीट आता व्याजाचा आकडाच देत नाही.