सेकंद वेगळे, आयएनआर तोच

आईच्या हृदयातली मायट्रल झडप बदलून मेकॅनिकल बसवली तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू आहे, आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी पीटी-आयएनआर तपासणी करून आणणं माझ्याकडे. नेहमी निपाणीतच करतो. एकदा सकाळी तिथे रक्त देऊन आम्ही झडपेच्या तपासणीला बेळगावला गेलो, तर तिथेही पुन्हा घेतलं. संध्याकाळी दोन्ही रिपोर्ट हातात. निपाणीचा पीटी २४ सेकंद, बेळगावचा ३४! दोन्हीकडे नॉर्मल १२च लिहिलेलं. एका दिवसात रक्त एवढं पातळ झालं की काय, म्हणून मी हबकलोच.

बेळगावच्या लॅबमधल्या टेक्निशियननी नीट सांगितलं. निळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. मग वरचा प्लाझ्मा वेगळा काढून ३७ अंशांवर त्यात गोठणं सुरू करणारं थ्रॉम्बोप्लास्टिन आणि कॅल्शियम घालतात, आणि गुठळी होईपर्यंतचे सेकंद मोजतात. तो पीटी. पण प्रत्येक किटमधलं थ्रॉम्बोप्लास्टिन सारखं नसतं. वॉरफरिनचा परिणाम एकावर जास्त दिसतो, दुसऱ्यावर कमी. तो फरक काढायला किटवर आयएसआय नावाचा आकडा छापलेला असतो. पेशंटचे सेकंद भागिले नॉर्मल, आणि येईल त्याचा आयएसआय इतका घात, म्हणजे आयएनआर.

निपाणीच्या किटचा आयएसआय १.५ होता. २४ भागिले १२ म्हणजे २, त्याचा दीड घात २.८. बेळगावचा १, म्हणून ३४ भागिले १२, तेही २.८. आईची मर्यादा २.५ ते ३.५, म्हणजे सगळं ठीक. सेकंदांकडे मी आता बघतच नाही.

पुढे थंडीत आयएनआर १.९ आला. बाजारात मेथी स्वस्त, घरात रोज भाजी. मेथीतलं व्हिटॅमिन के वॉरफरिनच्या उलट काम करतं. "मग मेथी सोडू काय?" आईनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "सोडू नका मावशी, आठवड्याला ठरावीकच खावा." आणि रोजच्या ३ मिलिग्रॅमऐवजी आठवड्यातले दोन दिवस ४ केले, म्हणजे आठवड्याचे २१ चे २३. झडपेवर गुठळी धरायची भीती, त्यामुळे मला वाटलं दुसऱ्याच दिवशी तपासावं. त्याचा उपयोग नाही, म्हणाले. वॉरफरिन यकृतात नवे गोठण-घटक पुरते तयार होऊ देत नाही, पण रक्तात फिरणाऱ्या जुन्यांना हात लावत नाही. त्यातला सातवा घटक काही तासांत ओसरतो, म्हणून आयएनआर आधी हलतो. पण प्रोथ्रॉम्बिन हा दुसरा घटक निम्मा व्हायलाच अडीच-तीन दिवस लागतात. लगेच आकडा बघून डोस आणखी वाढवला तर पुढे तो मर्यादेबाहेर जातो.

आठवड्यानं तपासलं, २.७ होता. २३ मिलिग्रॅमच चालू ठेवायला सांगितलं, आणि मेथी आठवड्यातून दोनदा.