गुडघाबदलानंतरचे पहिले सहा आठवडे: घरी येऊन फिजिओथेरपी सुरू करते आहे

या महिन्यापासून कोथरूड, कर्वेनगर, वारजे आणि एरंडवणे या भागांत मी घरी येऊन फिजिओथेरपी देणार आहे. सध्या फक्त गुडघा बदलण्याच्या ऑपरेशननंतरचे पेशंट घेणार आहे. पाठदुखी, खांदा, पॅरालिसिस हे सगळं एकाच वेळी हाती घेतलं तर प्रत्येक घराला पुरेसा वेळ देता येत नाही. शिवाय गुडघाबदलाच्या पेशंटला पहिले दोन-तीन आठवडे क्लिनिकपर्यंत आणणं हेच मोठं काम असतं, आणि नेमके तेच आठवडे महत्त्वाचे असतात.

या सेवेत काय होईल आणि काय होणार नाही, हे आधीच सांगते. मशिन येणार नाही. "मशिन लावणार ना?" हा पहिल्या फोनवरचा नेहमीचा प्रश्न असतो. नव्या गुडघ्याला सरळ होणं, वाकणं आणि मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद या तीन गोष्टी परत मिळवायच्या असतात आणि त्या व्यायामानेच मिळतात. माझ्या पिशवीत गोनिओमीटर म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, मापाची टेप, रबरी पट्टे, बीपीचं यंत्र आणि ऑक्सिमीटर एवढंच असतं. बाकीचं सामान तुमच्याच घरातलं वापरायचं: टॉवेल, चादर, खुर्ची, जिना.

काम कसं चालतं ते एका नमुन्यावरून सांगते. सत्तरीतल्या आजी, उजवा गुडघा बदललेला, दुसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही, चौथ्या दिवशी डिस्चार्ज. अशी घरं आपल्याकडे भरपूर आहेत.

पहिली भेट डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवशी. आधी डिस्चार्ज कार्ड वाचते. पायावर पूर्ण वजन द्यायला सर्जननी परवानगी दिली आहे का, रक्त पातळ करणारी गोळी किंवा इंजेक्शन किती दिवस आहे, आणि टाके किंवा स्टेपल कधी काढायचे, या तीन गोष्टींवर पुढचं ठरतं. मग दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी बघते. ऑपरेशनच्या पायाला थोडी सूज असणारच. पण एकच पोटरी टणक झाली, दाबल्यावर दुखते, गरम लागते आणि पाय उंच ठेवूनही सूज उतरत नाही, असं असेल तर व्यायाम थांबवून आधी सर्जनना फोन. शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका असते तेव्हा त्या पायाला हात लावायचा नसतो. म्हणूनच घरातल्यांना एक गोष्ट पहिल्याच दिवशी बजावून सांगते: मालिशवाल्या बाईंना सध्या सुट्टी द्या. पोटरी तेल लावून रगडण्यात फायदा काही नाही, धोका मात्र खरा आहे.

त्यानंतर मोजमाप. समजा, आजींचा गुडघा सरळ व्हायला दहा अंश कमी पडतो आणि सत्तर अंशांपर्यंत वाकतो. घरच्यांचं सगळं लक्ष वाकण्याकडे असतं, "किती वाकला?" माझं लक्ष आधी त्या दहा अंशांकडे जातं. वाकणं पुढेही वाढत राहतं. सरळ होणं मात्र सुरुवातीला राहून गेलं तर नंतर मिळवणं फार जड जातं. गुडघा किंचित वाकडा राहिला की चालताना मांडीचा स्नायू सतत ताणलेला राहतो, माणूस लवकर दमतो आणि लंगडतो.

याला बहुतेक वेळा कारणीभूत असते उशी. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, कारण सांधा साधारण तीस अंश वाकलेला असताना आत साचलेल्या पाण्याला सर्वांत जास्त जागा मिळते आणि ताण कमी होतो. म्हणून प्रेमाने कुणीतरी उशी सरकवून देतं. रात्रभर पाय तसाच राहिला की मागच्या बाजूचे स्नायू आणि सांध्याचं आवरण आखडायला लागतं. उशी काढायची आणि टॉवेलची जाड गुंडाळी टाचेखाली ठेवायची, म्हणजे गुडघ्यामागे पोकळी राहते आणि पायाच्या वजनानेच गुडघा खाली बसतो. सुरुवातीला पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा, मग दहा मिनिटांपर्यंत. दुखतं, पण ओढल्यासारखं दुखणं चालेल. सुरी फिरल्यासारखी कळ आली तर थांबायचं.

बाकीचे व्यायाम सुरुवातीला चारच. पाऊल वर-खाली हलवणं, वीस वेळा. गुडघा गादीत दाबून मांडी घट्ट करणं, पाच आकडे मोजेपर्यंत, दहा वेळा. टाच गादीवरून घसरवत गुडघा वाकवणं, दहा वेळा. यासाठी टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवली की चादर अडत नाही, आणि पावलाला ओढणी अडकवून हातांनी मदत करता येते. चौथा, गुडघा सरळ ठेवून पाय उचलणं. उचलताना गुडघा वाकत असेल तर तो अजून द्यायचा नाही, आधी मांडी घट्ट करणंच वाढवायचं. ही पाळी जागेपणी दर दोन-अडीच तासांनी, थोडी थोडी. सकाळी एकदाच तासभर करून दिवसभर पडून राहिलं तर संध्याकाळपर्यंत गुडघा पुन्हा आखडतो. दुखण्याची गोळी दिलेली असेल तर मुख्य पाळीच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, नंतर नाही. व्यायाम झाला की बर्फ ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळून पंधरा मिनिटं, पाय छातीपेक्षा उंच ठेवून. अर्थात टाच उशांवर, गुडघा नव्हे.

जास्त झालं की कमी, हे कसं ओळखायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी. वाटीच्या मध्यावर टेपने घेर मोजायचा. आदल्या सकाळपेक्षा सेंटिमीटरभराहून जास्त वाढला असेल किंवा दुखण्याने रात्री झोप लागली नसेल, तर त्या दिवशी निम्मंच करायचं. हा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला मी घरातल्या एकाला सांगते. गुडघा गरम लागणं मात्र काही महिने चालतं, आणि टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला त्वचा बधिर वाटते. तिथे जाणारी त्वचेची बारीक नस चिरेत कापली जाते, म्हणून. त्या दोन गोष्टींनी घाबरायचं कारण नाही.

आता घर. घरी येण्याचा खरा उपयोग इथेच होतो, कारण हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उत्तम चालणारा माणूस स्वतःच्या मोरीच्या उंबऱ्यावर अडखळतो. आजींचा दिवाण चौदा इंच उंच असेल तर उठताना गुडघा फार वाकतो आणि सगळा भार चांगल्या पायावर जातो. अठरा ते वीस इंच हवेत. दिवाणाच्या पायांखाली खाच असलेले लाकडी ठोकळे घालायचे. विटा घालू नका, सरकतात. खुर्ची हात असलेली, प्लास्टिकची हलकी नको. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची लागते. तिच्या पायांच्या रबरी टोप्या झिजलेल्या नाहीत ना, हे बघून घ्या. ओल्या फरशीवर तेवढ्यावरच सगळं अवलंबून असतं.

वॉकर विकत घेण्याआधी बाथरूमच्या दाराची रुंदी मोजा. जुन्या इमारतींत ती दोन फुटांच्या आसपास असते आणि नेहमीचा घडीचा वॉकरही जवळपास तेवढाच रुंद. तो आत जात नाही म्हणून लोक तो बाहेर ठेवून भिंत धरत आत जातात, आणि पडतात ते तिथेच. आडवं चालत वॉकर आत नेता येतो, ते पहिल्याच भेटीत शिकवते. तेवढीही जागा नसेल तर दाराच्या आत पक्का दांडा बसवून घ्यावा लागतो. टॉवेल वाळत घालायचा दांडा त्या कामाचा नाही, तो उपटून येतो. वॉकरची उंची मनगटाच्या रेषेइतकी हवी, हात खाली सोडून उभं राहिल्यावर मोजायची.

जिन्यावर वॉकर नाही. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात काठी, एक माणूस सोबत. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. चढताना शरीर उचलायचं काम चांगल्या पायाने करायचं असतं, आणि उतरताना वरच्या पायरीवर राहिलेल्या चांगल्या पायाने भार सावरत खाली सोडायचं असतं. सोबतचा माणूस चढताना एक पायरी मागे, उतरताना एक पायरी पुढे.

भेटी रोज लागत नाहीत. रोज या, असं घरचे आग्रहाने सांगतात, पण व्यायाम आजींनीच करायचा आहे. मी मोजायला, बदलायला आणि पुढची पायरी द्यायला येते. पहिल्या दोन आठवड्यांत आठवड्याला तीन, पुढच्या दोनांत दोन, शेवटच्या दोनांत एक, अशा बारा भेटी बहुतेकांना पुरतात. साधारण दोन आठवड्यांना गुडघा नव्वदपर्यंत वाकायला हवा, सहा आठवड्यांना एकशेदहाच्या आसपास. सपाट चालायला सत्तर पुरतात, जिन्याला साधारण नव्वद लागतात, नेहमीच्या खुर्चीतून सहज उठायला त्याहून थोडे जास्त. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, तोल बघून, वॉकर सुटून काठी येते. उजवा गुडघा असेल तर काठी डाव्या हातात. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग त्या बाजूला झुकून चालतात.

तिसरा आठवडा संपताना वाकणं नव्वदच्या खालीच अडकलं असेल तर मी आकडे लिहून सर्जनकडे पाठवते. नुसतं "अजून जोर लावू" म्हणत बसत नाही. भूल देऊन गुडघा वाकवून देण्याची वेळ आलीच, तर ती साधारण पहिल्या तीन महिन्यांतच. त्यानंतर आतले व्रण घट्ट होतात. मांडी घालून किंवा उकिडवं बसण्याचं सर्जनना विचारूनच ठरवायचं. पूजा खुर्चीत बसून होते.

अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर मला फोन करू नका, थेट १०८. जखमेतून पाणी येतंय, ताप आहे, किंवा काल उचलला जाणारा पाय आज उचलतच नाही, तर आधी सर्जन.

पहिली भेट सव्वा तासाची, आठशे रुपये. पुढच्या पाऊण तासाच्या, सहाशे रुपये. बारा भेटींचे पैसे आगाऊ घेत नाही. आठ भेटींत काम झालं तर आठांचेच. महाराष्ट्र राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेचा माझा नोंदणी क्रमांक पावतीवर असतो. घरी येणाऱ्या कुणाही फिजिओथेरपिस्टकडे तो मागा. पहिल्या भेटीला घरातलं एक माणूस हजर हवं, तेच पुढे रोज आकडे लिहिणार आहे.

ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर आधीच कळवा. दिवाण, कमोड आणि दार मी तेव्हाच बघून जाते, त्या भेटीचे पैसे नाहीत. फोन करताना कुठला गुडघा, कितवा मजला, आणि संडास कुठल्या पद्धतीचा, एवढं सांगितलं की पुरे.